घराचा पाणीसाठा : मालमत्ता, देणी आणि उरलेला आकडा



जून उजाडला की आमच्या खडकवासल्याचे नाव रोज वर्तमानपत्रात येते. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांत आज किती टीएमसी पाणी आहे, याचा छोटा तक्ता छापून येतो. चारही धरणे भरली की उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी होतो. त्यात एकट्या खडकवासल्याचा वाटा जेमतेम १.९७ टीएमसी. हा तक्ता मी वर्गात फळ्यावर लिहिते आणि मुलांना विचारते, "पाऊस किती पडला आणि धरणात पाणी किती आहे, हे एकच का?" मुले लगेच म्हणतात, "नाही बाई." पाऊस म्हणजे आवक, आणि धरणातले पाणी म्हणजे साठा.

घराच्या पैशाच्या बाबतीत मात्र आपण मोठी माणसेही हा फरक विसरतो. "त्यांचं बरं चाललंय" असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर पगार असतो, म्हणजे आवक. साठा किती आहे, हे बहुतेक घरांत कोणी कधी मोजलेलेच नसते. आज आपण तो मोजायचा कागद तयार करायला शिकणार आहोत. इंग्रजीत याला नेट वर्थ स्टेटमेंट म्हणतात. मराठीत निव्वळ संपत्तीचे पत्रक म्हणू. कृती इयत्ता चौथीची आहे, एक बेरीज, दुसरी बेरीज आणि एक वजाबाकी. अवघड आहे ते उत्तर वाचणे. या लेखाचा बराचसा भाग त्या वाचण्यावरच आहे.

हा कागद आपण आधी पाहिलेला आहे

हा प्रकार कुठे पाहिल्यासारखा वाटतोय का? निवडणुकीच्या वेळी उमेदवार शपथपत्र भरतात, त्याला नमुना २६ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर उमेदवाराने आपली, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता आणि देणी जाहीर करणे बंधनकारक झाले. आमच्या खडकवासला विधानसभा मतदारसंघातल्या उमेदवारांचीही अशी शपथपत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. सरकारी सेवेत असलेल्यांना 'मत्ता व दायित्व' हा शब्दही ओळखीचा असेल. त्या विवरणपत्राचे काम तेच.

नमुना २६ एकदा नीट वाचून पाहा, कारण रकाने चांगले आहेत. हातातली रोकड, बँकेतल्या ठेवी, विमा, वाहने, दागिने वजनासह, मग शेतजमीन, घर, आणि शेवटी कर्जे व सरकारी थकबाकी. पण एक गंमत आहे. त्यात मालमत्तेची बेरीज आहे, देण्यांची बेरीज आहे, वजाबाकीची ओळ मात्र नाही. म्हणून बातमीत "अमुक उमेदवाराची संपत्ती इतके कोटी" असा मथळा येतो तेव्हा तो बहुधा मालमत्तेचाच आकडा असतो आणि कर्ज खाली कुठेतरी राहून जाते. आपण घरच्या कागदात ती शेवटची ओळ घालणार आहोत.

पहिले काम : तारीख ठरवा

धरणाच्या तक्त्यावर तारीख आणि वेळ असते, कारण साठा रोज बदलतो. आपल्या कागदावरही एकच तारीख हवी. ३१ मार्च सोयीची. आर्थिक वर्ष संपते, बँकेचे उतारे, भविष्य निर्वाह निधीचा हिशेब आणि कर्जाचे प्रमाणपत्र याच तारखेचे मिळतात. ठेव मार्चची आणि कर्ज जूनचे असे मिसळू नका. मधल्या काळात ठेव मोडून कर्ज फेडले असेल तर तेच पैसे दोनदा मोजले जातील.

दुसरे काम : मालमत्ता, आज विकली तर काय येईल त्या किमतीला

आता एक घर घेऊ. हे घर मी लेखासाठी रचलेले आहे, आकडेही सोपे धरले आहेत, पण असे घर तुमच्या शिक्षक खोलीत नक्की सापडेल. बाई अनुदानित शाळेत शिक्षिका, नोकरी २००५ नंतरची, म्हणजे जुनी पेन्शन नाही, एनपीएस आहे. सर एका कारखान्यात. दोन मुले. खडकवासला परिसरात २०१७ मध्ये ३८ लाखांना दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. तारीख ३१ मार्च २०२५.

| मालमत्ता | रुपये |
|---|---|
| बचत खाती | ८५,००० |
| मुदत ठेव | १,५०,००० |
| म्युच्युअल फंड | २,४०,००० |
| पीपीएफ | ३,६०,००० |
| बाईंचे एनपीएस | ९,८०,००० |
| सरांचा ईपीएफ | ५,२०,००० |
| एलआयसी पॉलिसी | १,४०,००० |
| सोने | ८,८०,००० |
| फ्लॅट | ५२,००,००० |
| गावाकडच्या जमिनीतला हिस्सा | १०,००,००० |
| चारचाकी | ३,१०,००० |
| दुचाकी | ३५,००० |
| एकूण | ९९,००,००० |

पहिल्या सहा ओळी सोप्या आहेत. पासबुक किंवा उतारा उघडायचा आणि आकडा उतरवायचा. खरी चूक पुढच्या ओळींत होते, म्हणून तिथे थोडे थांबू.

एलआयसीच्या पॉलिसीवर मोठ्या अक्षरात पाच लाख लिहिलेले असते. ती विमा रक्कम. ती मृत्यूनंतर किंवा मुदत पूर्ण झाल्यावर मिळते. आज पॉलिसी बंद केली तर जे मिळेल ते समर्पण मूल्य, आणि आपल्या कागदावर तेच येते. ते शाखेत विचारले की सांगतात. मुदत विमा, म्हणजे टर्म इन्शुरन्स असेल तर त्याचे समर्पण मूल्य नसते. तिथे शून्य लिहायचे. शून्य लिहिले म्हणून तो विमा निरुपयोगी ठरत नाही, फक्त तो साठ्यात मोजायचा नसतो.

सोन्याचे उदाहरण बघा. बाई म्हणतात, "माझ्याकडे बारा तोळे आहे." बारा तोळे म्हणजे साधारण १२० ग्रॅम. त्यातले मणी, खडे, लाख, दोरा वजा केले तर शुद्ध बावीस कॅरटचे वजन ११० ग्रॅम भरते. घेताना घडणावळ आणि जीएसटी दिलेला असतो, तो विकताना परत येत नाही. म्हणून वजन गुणिले त्या दिवसाचा बावीस कॅरटचा भाव, एवढेच. हिशेबासाठी ग्रॅमला ८,००० धरले आहेत. ११० गुणिले ८,००० म्हणजे ८ लाख ८० हजार. सराफाच्या दुकानातल्या नव्या दागिन्याच्या बिलावरून किंमत काढली असती तर आकडा बराच फुगला असता.

फ्लॅटची किंमत ही सगळ्यात मोठी ओळ, आणि सगळ्यात जास्त अंदाजाची. शेजारी सांगतो, "आपल्या बिल्डिंगमध्ये साठ चाललंय." साठ ही सांगितलेली किंमत झाली. झालेला व्यवहार कितीचा, हे विचारा. गेल्या वर्षभरात त्याच सोसायटीत एखादा फ्लॅट खरोखर विकला गेला असेल तर त्याच्या नोंदणीकृत दस्तातला आकडा हा चांगला पुरावा. रेडी रेकनर, म्हणजे सरकारचे वार्षिक मूल्यदर तक्ते, मुद्रांक शुल्कासाठी असतात. त्याचा दर आणि बाजारभाव जुळेलच असे नाही, पण आपला अंदाज फारच वर गेला आहे का, हे तपासायला तो बरा. इथे आपण ५२ लाख धरले आहेत. शंका असेल तेव्हा कमी आकडा लिहावा.

जमिनीच्या ओळीत आणखी एक गोष्ट तपासा. सातबाऱ्यावर नावे किती आहेत? सरांच्या गावची ४० गुंठे जमीन चार भावंडांच्या नावे सामाईक आहे, तेव्हा यांचा हिस्सा १० गुंठे. गावात गुंठ्याला लाखाचा भाव धरला तर दहा लाख. "आमची चाळीस गुंठे आहे" असे बोलताना म्हटले तरी चालते, कागदावर मात्र आपला हिस्साच लिहायचा. आणि वडील हयात असून जमीन त्यांच्या नावे असेल तर पुढे मिळेल म्हणून आज लिहू नका.

गाडीची किंमत विमा पॉलिसीवर 'आयडीव्ही' म्हणून छापलेली असते. तिच्या जवळपासचा आकडा लिहा. फ्रीज, सोफा, टीव्ही मी सोडून देते. ते विकून कोणाचे कर्ज फिटत नाही.

तिसरे काम : देणी, एकही न लपवता

| देणी | रुपये |
|---|---|
| गृहकर्जाची शिल्लक | २४,५०,००० |
| पतसंस्थेचे कर्ज | ३,८०,००० |
| गाडीचे कर्ज | २,१०,००० |
| हातउसने, मेहुण्याकडून | ८५,००० |
| क्रेडिट कार्ड | ४०,००० |
| भिशी | ३५,००० |
| एकूण | ३२,००,००० |

इथे सरळ प्रश्न येतो : गृहकर्जाचा हप्ता २६,००० आहे आणि अजून साधारण १६४ हप्ते बाकी आहेत. मग देणे २६,००० गुणिले १६४, म्हणजे ४२ लाख ६४ हजार का नाही? कारण त्यातले सुमारे १८ लाख हे पुढच्या चौदा वर्षांचे व्याज आहे, आणि ते अजून लागलेले नाही. उद्या सगळे कर्ज एकरकमी फेडायचे म्हटले तर बँक जी रक्कम सांगेल तीच आजची शिल्लक. ती कर्जखात्याच्या उताऱ्यावर असते. उलटी चूकही होते. "कर्ज तीस लाखांचं घेतलंय" म्हणून काही जण मूळ तीस लाखच लिहितात.

भिशीची ओळ पाहून काहींना हसू येईल. पण विचार करा. बारा जणींची भिशी, महिन्याला पाच हजार. बाईंची चिठ्ठी पाचव्या महिन्यात निघाली, साठ हजार हातात आले आणि खर्चही झाले. उरलेले सात हप्ते म्हणजे ३५,००० हे सरळ कर्जच आहे. चिठ्ठी अजून निघालेली नसती तर भरलेले हप्ते मालमत्तेच्या बाजूला आले असते. भिशी कोणत्या बाजूला लिहायची, हे चिठ्ठी निघाली की नाही यावर ठरते. मुलांना हे फार आवडते.

आणि हातउसने. घरच्यांकडून घेतलेले पैसे लोक लिहीत नाहीत, कारण त्याला कागद नसतो, व्याज नसते. पण परत द्यायचे असतील तर ते देणेच.

चौथे काम : वजाबाकी

९९ लाख वजा ३२ लाख, बरोबर ६७ लाख. ही या घराची निव्वळ संपत्ती. मालमत्तेच्या दर शंभर रुपयांत सुमारे ३२ रुपये दुसऱ्याचे आहेत, ६८ रुपये घराचे स्वतःचे.

सदुसष्ट लाख ऐकले की बाईंना वाटेल, "अरे, आपण तर बरे आहोत की!" मग दर महिन्याच्या वीस तारखेनंतर ओढाताण का होते? शाळेची फी भरायला पतसंस्थेची पायरी का चढावी लागते? आकडा खोटा नाही आणि ओढाताणही खोटी नाही. म्हणून आकडा नुसता काढून भागत नाही.

उपयुक्त साठा आणि मृत साठा

पुन्हा धरणाकडे चला. तक्त्यात 'उपयुक्त साठा' असा शब्द असतो. धरणाच्या तळाशी, कालव्याच्या तोंडापेक्षा खाली जे पाणी असते त्याला मृत साठा म्हणतात. डोळ्यांना ते पाणी दिसते, पण नेहमीच्या वाटेने कालव्यात येत नाही. म्हणून पुण्याला पाणी किती दिवस पुरेल, याचा हिशेब उपयुक्त साठ्यावर करतात.

आता आपल्या ९९ लाखांचे तीन थर करू.

पहिला थर, आठ-दहा दिवसांत हाती येणारे पैसे. बचत खाती, मुदत ठेव, म्युच्युअल फंड. एकूण ४ लाख ७५ हजार.

दुसरा थर, कुलपातले. पीपीएफ, एनपीएस, ईपीएफ, एलआयसी आणि सोने. एकूण २८ लाख ८० हजार. यातले काही अटी घालून मिळते, काही निवृत्तीलाच. बाईंच्या एनपीएसमधल्या रकमेपैकी किमान ४० टक्क्यांची निवृत्तीच्या वेळी वार्षिकी घ्यावी लागते, म्हणजे ती एकरकमी हातात येतच नाही. सोने तसे तासाभरात गहाण पडते, पण घराघरांत ते मोडवत नाही, म्हणून मी ते इथे ठेवले. तुम्ही पहिल्या थरात ठेवलेत तरी चालेल, फक्त दर वर्षी एकाच जागी ठेवा.

तिसरा थर, राहते आणि वापरातले. फ्लॅट, जमीन, गाड्या. एकूण ६५ लाख ४५ हजार. फ्लॅट विकला तर राहायचे कुठे? सामाईक जमीन विकायची तर चारही भावंडांच्या सह्या हव्यात. हा आपला मृत साठा. त्याला किंमत आहे, पण अडचणीच्या महिन्यात तो कालव्यात येत नाही.

आता पहिल्या थरातून लवकर द्यायची देणी वजा करा : क्रेडिट कार्ड, भिशी आणि हातउसने मिळून १ लाख ६० हजार. उरले ३ लाख १५ हजार. या घराचा महिन्याचा खर्च बघा. गृहकर्जाचा हप्ता २६,०००, पतसंस्थेचा १०,०००, गाडीचा ८,००० आणि बाकी घरखर्च ४६,०००. एकूण ९०,०००. ३ लाख १५ हजार भागिले ९० हजार, साडेतीन.

म्हणजे दोन्ही पगार थांबले तर हे सदुसष्ट लाखांचे घर साडेतीन महिने तरेल. ओढाताणीचे उत्तर इथे सापडते. साधारण सहा महिन्यांचा खर्च हाताशी असावा असे सांगतात. तो आधार धरला तर या घराला ५ लाख ४० हजार लागतील, म्हणजे सव्वादोन लाख कमी आहेत. "बचत करायला हवी" या मोघम बोलण्याच्या जागी आता एक नेमका आकडा आला.

आमच्या गावातले दुसरे घर

दुसरेही घर रचलेलेच, पण खडकवासल्याच्या लोकांना ते ओळखीचे वाटेल. जुने स्थानिक कुटुंब. २०२१ मध्ये आमचे गाव इतर बावीस गावांबरोबर पुणे महानगरपालिकेत आले, आणि जमिनीच्या भावाची चर्चा चहाच्या टपरीवरही सुरू झाली. या कुटुंबाच्या वाट्याला १२ गुंठे येतात. गुंठ्याला १२ लाख धरले तर १ कोटी ४४ लाख. जुने घर २० लाखांचे, सोने ५ लाखांचे, बँकेत ३० हजार. एकूण १ कोटी ६९ लाख ३० हजार. सोसायटीचे आणि गाडीचे कर्ज मिळून ९ लाख ३० हजार. निव्वळ संपत्ती १ कोटी ६० लाख.

पहिल्या घराच्या दुपटीहून जास्त! पण हाताशी ३० हजार आणि महिन्याचा खर्च ३५ हजार. हे घर एक महिनाही तरत नाही. सातबारा सामाईक, खातेफोड झालेली नाही. अशा वेळी घरात कोणी आजारी पडले की काय होते? घाईत हिस्सा विकायला काढला जातो, आणि घाई आहे हे घेणाऱ्याला कळले की भाव पडतो. ज्या १२ लाखांनी आपण गुणले तो भाव सावकाश विकणाऱ्याचा होता, अडलेल्याचा नव्हता.

म्हणून पालकहो, शेजारच्या घराशी निव्वळ संपत्तीची तुलना करू नका. आकडा मोठा असलेले घर अधिक सुरक्षित असेलच असे नाही. उलट नुकतीच नोकरी लागलेल्या, शैक्षणिक कर्ज डोक्यावर असलेल्या तरुण शिक्षकाचा आकडा वजा दोन लाख येऊ शकतो. कर्ज वेळेवर फिटत असेल तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पंचावन्नाव्या वर्षी तोच वजा आकडा आला तर मात्र ती गंभीर गोष्ट आहे. वय आणि नोकरीची उरलेली वर्षे शेजारी लिहिल्याशिवाय आकडा वाचू नये.

एक वर्षाने पुन्हा

एकाच तारखेच्या आकड्यापेक्षा दोन वर्षांच्या आकड्यांतला फरक जास्त बोलतो. पहिल्या घराची निव्वळ संपत्ती ३१ मार्च २०२४ ला ६० लाख होती असे धरू. वर्षात ७ लाखांची वाढ. छानच. पण ही वाढ आली कुठून?

फ्लॅटचा अंदाज ४९ वरून ५२ लाख केला, तिथे ३ लाख. सोन्याचा भाव ६,२०० वरून ८,००० झाला, ११० ग्रॅमवर १ लाख ९८ हजार. म्हणजे ४ लाख ९८ हजार हे भाववाढीचे. घरातल्या कोणीही त्यासाठी काही केलेले नाही. उरले २ लाख २ हजार.

या दोन लाखांच्या आतही बघा. एनपीएस आणि ईपीएफ मिळून २ लाख ६० हजारांनी वाढले, ते पगारातून परस्पर कापले जातात. गृहकर्जाचे ९० हजार मुद्दल फिटले, तेही हप्त्यातून आपोआप. ही बेरीज साडेतीन लाख होते. मग एकूण दोनच लाख का दिसतात? कारण बाकी सगळ्या ओळी मिळून १ लाख ४८ हजारांनी घटल्या. गाड्या जुन्या झाल्या, आणि पुतण्याच्या लग्नात पतसंस्थेचे कर्ज वाढले.

म्हणजे जे हातात येण्याआधी कापले गेले ते वाचले, आणि जे हातात आले ते सगळे खर्च होऊन वर थोडे कर्जही झाले. हे निदान ६७ लाखांच्या एका आकड्यातून कधीच कळले नसते. पुढच्या वर्षी काय करायचे, तेही याच कागदाने सांगितले : साडेपाच लाखांच्या हाताशी ठेवायच्या साठ्यासाठी एक रक्कम पगाराच्या दिवशीच परस्पर वळती करायची, कारण या घरात तीच पद्धत चालते असे दिसते.

घरी करताना एक सोपी युक्ती वापरा. घर, जमीन आणि सोने यांच्या किमती गेल्या वर्षीच्याच ठेवून एकदा बेरीज करा, आणि नव्या किमतींनी एकदा. पहिल्या बेरजेतली वाढ तुमची, आणि दोन बेरजांमधला फरक बाजाराचा.

कागदाच्या तळाशी : जामीनकी

शिक्षकांसाठी ही ओळ मुद्दाम लिहिते आहे. पतसंस्थेत कर्ज घेणाऱ्याला जामीनदार लागतात, आणि आपण एकमेकांना सह्या देतोच. बाईंनी एका सहकाऱ्याच्या ५ लाखांच्या कर्जाला जामीन दिला आहे. हे आज त्यांचे देणे नाही, म्हणून ३२ लाखांत धरले नाही. पण सहकाऱ्याने हप्ते थकवले तर वसुली जामीनदाराच्या पगारातूनही होऊ शकते. मी स्वतः तीन वर्षे एका जुन्या सहीचे हप्ते भरले आहेत. ज्या दिवशी कपातीचे पत्र आले त्या दिवसापर्यंत ती सही दिल्याचे मला आठवतही नव्हते, कारण ती कुठेच लिहिलेली नव्हती. म्हणून वजाबाकीच्या खाली एक वेगळी ओळ काढा : "जामीनकी : ५,००,०००, कोणाची, कधी संपते." घरातल्या दुसऱ्या माणसालाही ती माहीत असू द्या.

याचे कारण साधे आहे. मालमत्तेचे आकडे अंदाजाचे असतात, देण्यांचे आकडे पक्के असतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासल्याच्या धरणालाही भगदाड पडले आणि मुठेकाठची घरेच्या घरे गेली. घर वाहून जाते, त्यावरचे कर्ज वाहून जात नाही. एवढे मोठे संकट नको, साधे पाहू : फ्लॅटचा भाव पंधरा टक्क्यांनी उतरला तर ५२ चे ४४ लाख २० हजार होतील, आणि निव्वळ संपत्ती ६७ वरून ५९ लाख २० हजारांवर येईल. देणी मात्र ३२ लाखांवरून एक रुपयाही हलणार नाहीत.

वर्गात घेताना

आठवी-नववीला टक्केवारीच्या पाठानंतर हा तास छान होतो. पण मुलांना स्वतःच्या घराचे आकडे आणायला कधीही सांगू नका. कोणाच्या घरी कर्ज आहे, कोणाकडे घरच नाही, हे वर्गात उघडे पडते आणि ते मूल महिनाभर मान वर करत नाही. वर दिलेली दोन घरे वापरा, किंवा गटांना स्वतः एक घर रचायला सांगा. माझ्याकडचे चार प्रश्न देते :

१. भिशीची चिठ्ठी अजून निघाली नसती आणि पाच हप्ते भरलेले असते, तर निव्वळ संपत्ती किती बदलली असती? (बाकी सगळे आकडे तेच धरा.)

२. बाईंनी मुदत ठेव मोडून दीड लाख पतसंस्थेच्या कर्जात भरले. निव्वळ संपत्ती किती झाली? साडेतीन महिन्यांचे किती महिने झाले?

३. दुसऱ्या घराने दोन गुंठे सावकाश, ठरलेल्या भावाने विकून सगळे कर्ज फेडले. संपत्ती तेवढीच राहिली, मग बदलले काय?

४. कोणते घर जास्त श्रीमंत, आणि कोणते जास्त निर्धास्त?

पहिल्या प्रश्नात ३५ हजारांचे देणे जाते आणि २५ हजारांची मालमत्ता येते, म्हणजे फरक ६० हजारांचा. दुसऱ्यात संपत्ती ६७ लाखच राहते, पण हाताशी १ लाख ६५ हजार उरून दोन महिन्यांहूनही कमी पुरतात. हप्ता कमी झाला तर उत्तर थोडे बदलेल, तेही मुलांना शोधू द्या. तिसऱ्यात कर आणि खर्च बाजूला ठेवले तर कर्ज शून्य होते आणि सुमारे १४ लाख ७० हजार हाताशी येतात. प्रत्यक्षात भांडवली नफ्यावरचा कर आणि दलाली जाईल, हे सांगायला विसरू नका. चौथ्याचे उत्तर मी देत नाही. त्यावर वर्गात भांडण होते, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी मुले उठत नाहीत.

घरच्या कागदासाठी एक रविवार पुरतो. पासबुके, कर्जाचे उतारे, पॉलिसी आणि सातबारा टेबलावर काढा, आणि पती-पत्नी दोघांनी मिळून बसा. तयार झालेला कागद कुठे ठेवला आहे, हे दोघांनाही ठाऊक असू द्या.